‘डॉक्टर बसलेत काय?’ : दवाखान्याच्या प्रश्नोत्तरांचं पान दुरुस्त करताना

पानावरचा पहिला प्रश्न होता, ‘आमची सेवा-वैशिष्ट्ये कोणती?’ दुसरा, ‘बाह्यरुग्ण विभागाची कार्यवेळ काय आहे?’ दापोली तालुक्यात खाडीकाठच्या एका गावातला हा दवाखाना. नवरा-बायको दोघंही डॉक्टर, रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब, एक्स-रेचं मशीन आणि चार खाटा. कुणीतरी बनवून दिलेल्या त्यांच्या वेबसाइटवर नेहमीच्या प्रश्नांचं पान होतं, त्यात अठ्ठावीस प्रश्न होते, आणि तरी काउंटरवरचा फोन दिवसभर थांबत नव्हता. पान सुधारून देशील का, असं विचारल्यावर मी आधी एक सकाळ काउंटरजवळच्या बाकावर बसून काढली. ऐकू आलेले प्रश्न असे: ‘डॉक्टर बसलेत काय?’, ‘नंबर फोनवर लागतो काय?’, ‘छातीचा फोटो निघतो ना तुमच्याकडे?’, ‘रक्त द्यायचंय, पण चहा झालाय. चालेल?’

या चारांपैकी एकही प्रश्न त्या अठ्ठावीसमध्ये नव्हता. उत्तरं मात्र होती. ‘क्ष-किरण सुविधा’ होती, ‘चाचणीपूर्व सूचना’ होत्या. पण छातीचा फोटो काढायला आलेला माणूस ‘क्ष-किरण’ हा शब्द शोधत नाही. मोबाइलवर अंगठा सरकवत जाताना त्याची नजर ‘फोटो’ किंवा फार तर ‘एक्स-रे’ शोधत असते. ते दिसलं नाही की तो पान बंद करून फोन लावतो. पुढे जे लिहिलंय ते या एका दवाखान्याचं पान कसं बदललं त्याबद्दल आहे. शाळेच्या पानाचं शेवटाकडे थोडक्यात.

आधी वही

जुनं पान समोर घेऊन वाक्यं सुधारायला बसू नका. पहिले दोन आठवडे पानाला हातच लावायचा नाही. काउंटरवर एक साधी रेघांची वही आणि तिला दोऱ्याने बांधलेलं पेन ठेवायचं. जो प्रश्न येईल तो एका ओळीत लिहायचा, पुढे फोन असेल तर ‘फ’, समोर येऊन विचारला असेल तर ‘क’, व्हॉट्सअॅपवर आला असेल तर ‘व्हॉ’. नाव लिहायचं नाही, गाव लिहायचं नाही. काउंटरवरची वही कुणाच्याही नजरेस पडते, आणि गाव लहान असलं की ‘अमक्या वाडीतल्या बाईंनी पाळीबद्दल विचारलं’ एवढी ओळ पुरते.

इथे हमखास होणारी चूक अशी की लिहिणारा प्रश्न सुधारून लिहितो. पहिल्या दिवशी आमच्या वहीत लिहिलेलं होतं: ‘वेळेबाबत चौकशी’, ‘रिपोर्टबाबत चौकशी’, ‘वेळेबाबत चौकशी’. काउंटरवरच्या ताईंचा हेतू चांगला होता, नीटनेटकं लिहायचं होतं. पण त्यातून मला काहीच मिळेना. वेळेबाबत म्हणजे काय? दवाखाना किती वाजता उघडतो, की मॅडम संध्याकाळी असतात का, की आत्ता निघालो तर नंबर लागेल का? तिघांची उत्तरं वेगळी आहेत. मग मी त्यांना म्हटलं, ‘ताई, समोरच्याच्या तोंडून जे आलं तेच लिहा. शुद्धलेखन सोडा, माणूस अर्ध्यावर थांबला तर तिथंच थांबा.’ दुसऱ्या दिवसापासून वही बोलायला लागली. ‘मॅडम आहेत काय आज? सर नको’ अशी ओळ आली. ‘शेवटच्या गाडीच्या आधी होईल काय?’ अशीही आली. ही दुसरी ओळ वाचेपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की अर्ध्या पेशंटांचा दिवस एसटीच्या वेळेवर ठरतो.

एका जागी वही ठेवून भागत नाही. काही प्रश्न काउंटरवर विचारलेच जात नाहीत, कारण मागे चार ओळखीची माणसं बसलेली असतात. ते प्रश्न आतल्या मावशींना किंवा लॅबवाल्या मुलाला हळूच विचारले जातात. ‘तपासायला बाईच असेल ना?’ हा आमच्या पानावर नंतर वर गेलेला प्रश्न वहीत एकदाही नव्हता, तो मावशींकडून कळला. डॉक्टरांनाही विचारा, पण वेगळ्या तऱ्हेने. लोक काय विचारतात असं विचारलं तर ते त्यांना महत्त्वाचं वाटतं ते सांगतील. त्याऐवजी विचारा, ‘पेशंट काय करून आला की तुम्हाला त्याला परत पाठवावं लागतं?’ आमचे डॉक्टर एका दमात म्हणाले, ‘खाऊन येतात. जुने कागद घरी ठेवून येतात. आणि कुत्रं चावल्यावर तिसऱ्या दिवशी येतात.’

प्रश्नांची गठडी सोडवणं

दोन आठवड्यांनी वही घरी नेली. प्रत्येक ओळीची चिठ्ठी करायची आणि जमिनीवर पसरायच्या. कॉम्प्युटरवर एक्सेलमध्येही होतं, पण चिठ्ठ्या हलवताना डोळ्यांना जे दिसतं ते तिथे दिसत नाही, असा माझा अनुभव.

गट करताना विषय धरायचा नाही. ज्यांचं उत्तर एक, त्या चिठ्ठ्या एका ढिगात. ‘रविवारी चालू असतं काय?’ आणि ‘गणपतीत बंद असतं काय?’ दोन्ही विषयाने ‘वेळा’च आहेत, पण पहिल्याचं उत्तर वर्षभर तेच राहतं आणि दुसऱ्याचं दर वर्षी बदलतं. दोन ढीग. उलट ‘नंबर फोनवर लागतो काय?’, ‘सकाळी येऊन बसावं लागतं काय?’ आणि ‘अपॉइंटमेंट घेता का?’ हे तीन वेगवेगळे सूर असले तरी उत्तर एकच, म्हणून ढीग एक. तिसरा सूर बहुतेक वेळा मुंबईहून गावी आलेल्या चाकरमान्यांचा असतो. त्यांच्यासाठी ‘अपॉइंटमेंट’ हा शब्द उत्तरात कुठेतरी असू द्या, प्रश्नात गावातलाच शब्द.

मग प्रत्येक ढिगाकडे बघून विचारायचं की हा प्रश्न मुळात का येतोय. दवाखान्याची वेळ पानाच्या अगदी वर, ठळक, दोन ओळींत असती तर ‘उघडता कधी?’ विचारायची पाळीच आली नसती. तसा प्रश्न पानावर घ्यायचा नाही, माहिती वर न्यायची. ब्रिटनच्या सरकारी वेबसाइट लिहिणाऱ्यांचा तर नियमच आहे की ‘नेहमीचे प्रश्न’ असं पानच करू नये, माहिती जिथे लागते तिथेच द्यावी. मी तेवढा टोकाला जात नाही. आपल्याकडे लहान दवाखान्याचं सगळं मिळून एकच पान असतं आणि लोकांना प्रश्नाच्या रूपात वाचायला सोपं जातं. पण पत्ता, वेळ आणि फोन हे तीन प्रश्नोत्तरांत कधीच टाकू नयेत.

असं करत ढीग चौदा उरले. जुन्या अठ्ठावीसपैकी ‘आमची वैशिष्ट्ये’, ‘आमचे ध्येय’, ‘आम्हालाच का निवडावे’ यांची एकही चिठ्ठी जमिनीवर नव्हती. ते काढायला डॉक्टरांचं मन होईना. शेवटी आम्ही त्यातली खरी माहिती, म्हणजे दोघांच्या पदव्या आणि कुठल्या तपासण्या इथे होतात ते, ‘दवाखान्याविषयी’ या वेगळ्या पानावर नेलं आणि वाद मिटवला.

प्रश्न लिहिताना

प्रश्न पेशंटच्या तोंडचा हवा. ‘रुग्णांना तपासणी अहवाल केव्हा उपलब्ध होतात?’ यात बोलणारा दवाखाना आहे. ‘रिपोर्ट कधी मिळेल?’ यात बोलणारा मी आहे, ज्याला संध्याकाळची गाडी पकडायची आहे. काही बदल असे झाले:

‘क्ष-किरण सुविधा उपलब्ध आहे का?’ याचं झालं ‘छातीचा, हाडाचा फोटो (एक्स-रे) निघतो का?’ इथे कंस मुद्दाम, कारण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एक्स-रे लिहिलेलं असतं आणि दोन्ही एकच हे माणसाला कळलं पाहिजे.

‘रोकडरहित उपचार योजना लागू आहेत का?’ याचं झालं ‘रेशनकार्डावर उपचार होतात का?’ वहीत सगळीकडे ‘कार्डावर होतं काय?’ असंच होतं.

‘स्त्रीरोगतज्ज्ञांची उपलब्धता’ याचं झालं ‘लेडी डॉक्टर तपासतात का, आणि कधी?’

मग बोली. डॉक्टर स्वतः मालवणकडचे, त्यांना वाटत होतं की प्रश्न बोलीतच लिहावेत, ‘डॉक्टर आसत काय?’ असे, म्हणजे जवळीक वाटेल. मी नको म्हटलं. बोली बोलायला गोड लागते, पण दवाखान्याच्या पानावर छापलेली दिसली की विनोद वाटतो किंवा आपली नक्कल केल्यासारखी वाटते. शिवाय दापोलीत मालवणी चालत नाही, खाडी ओलांडली की बोलण्याचा हेल बदलतो. शब्द लोकांचे घ्यायचे: नंबर, फोटो, चिठ्ठी, कागद, सलाईन, टाके. वाक्य सगळ्यांना वाचता येईल असं साधं मराठी.

एक शब्द मात्र आम्ही बोलीतला घेतला, आणि तो घेतलाच पाहिजे होता. साप चावला की आपल्याकडे पुष्कळ माणसं, विशेषतः तिन्हीसांजेनंतर, ‘साप’ म्हणत नाहीत. ‘जनावर चावलं’ म्हणतात, कधी ‘पान लागलं’. फुरसं तर भातकापणीत आणि कातळावर नेहमीचं. म्हणून प्रश्न लिहिला: ‘साप, जनावर चावलं तर इंजेक्शन आहे का?’ हा प्रश्न कुठे गेला ते पुढे सांगतो.

उत्तर: पहिल्या शब्दात काम

उत्तराचा पहिला शब्द ‘हो’, ‘नाही’, एखादी वेळ, एखादा वार किंवा रुपयांचा आकडा असावा. त्यानंतर अट. मग काय करायचं ते. एवढ्यात थांबायचं. माझं माप साधं आहे: काउंटरवरच्या ताईंनी ते उत्तर फोनवर एका दमात वाचलं आणि पलीकडच्याने ‘बरं, ठेवतो’ म्हटलं, तर लांबी बरोबर. साधारण तीन वाक्यं, चाळीसेक शब्द. पलीकडून ‘म्हणजे?’ आलं की पुन्हा लिहायचं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त घाम गाळायला लावला तो रक्ततपासणीच्या उत्तराने, म्हणून तेवढं पूर्ण देतो. जुना मजकूर असा होता:

‘चाचणीपूर्व सूचना कोणत्या? अचूक निदानासाठी आमची प्रयोगशाळा कटिबद्ध आहे. काही चाचण्यांकरिता रुग्णाने विहित कालावधीपर्यंत उपवास करणे आवश्यक असते, तर काही चाचण्यांकरिता तशी आवश्यकता नसते. चाचणीच्या स्वरूपानुसार योग्य त्या सूचना देण्यात येतील. अधिक माहितीसाठी संपर्क साधावा.’

पाच वाक्यं वाचून माणसाच्या हाती काय आलं? फोन करा. आणि त्यातल्या ‘उपवास’ या शब्दाने वेगळाच घोटाळा केला होता. एका एकादशीला एक काकू साबुदाण्याची खिचडी खाऊन साखर तपासायला आल्या आणि शपथेवर सांगत होत्या की उपास मोडलेला नाही. चूक त्यांची नव्हतीच. मराठीत उपास म्हणजे भगर, साबुदाणा, रताळं. तेव्हापासून मी या जागी ‘उपाशीपोटी’ लिहितो आणि काय चालत नाही ते नाव घेऊन सांगतो.

वहीतल्या चिठ्ठ्या बघितल्या तर या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न होते. चहाचा, जेवणानंतरच्या साखरेचा आणि सकाळच्या गोळ्यांचा. पहिल्या खेपेला मी तिन्ही एकाच उत्तरात कोंबले, तो मजकूर मोबाइलच्या पडद्यावर मावेना. मग तीन केले.

‘साखर तपासायला उपाशी यायचं का? चहा चालतो का?’
‘हो, उपाशीपोटीच्या साखरेसाठी यायचं. चहा चालत नाही. रात्रीच्या जेवणानंतर किमान ८ तास साध्या पाण्याशिवाय काहीही नको. दूध, बिस्कीट, उपासाचे पदार्थही नकोत. तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) किंवा सीबीसी एवढंच करायचं असेल तर खाऊन आलात तरी चालेल.’

‘जेवणानंतरची साखर किती वेळाने द्यायची?’
‘पहिल्या घासापासून २ तासांनी. जेवण संपल्यापासून मोजू नका. मध्ये काही खाऊ नका, पाणी चालेल.’

‘सकाळच्या गोळ्या घेऊन येऊ का?’ इथे मी अडकलो. माझा मसुदा होता, ‘बीपीची गोळी पाण्याबरोबर चालते. साखरेची गोळी आणि इन्सुलिन रक्त दिल्यावर, खाण्याबरोबर घ्या.’ डॉक्टरांनी ‘इन्सुलिन’ शब्दावर काट मारली. म्हणाले, ‘इन्सुलिन वेगवेगळी असतात, कुणी रात्री घेतं, कुणी सकाळी, हे पानावर ठरवायचं नाही.’ शेवटी छापलं ते असं:

‘बीपीची गोळी पाण्याबरोबर चालते. साखरेची आणि थायरॉइडची गोळी सोबत आणा, रक्त दिल्यावर घ्या. इन्सुलिन किंवा रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी ६ च्या आत फोन करा, मनाने बंद करू नका.’

ज्याचं उत्तर माणसागणिक बदलतं त्याचं पानावर एकच उत्तर द्यायचं नाही. पण ‘संपर्क साधावा’ असं मोघमही लिहायचं नाही. कुणी, कधीपर्यंत आणि कुठे विचारायचं ते लिहायचं. आणि औषधाचा उल्लेख असलेलं प्रत्येक उत्तर डॉक्टरांनी वाचून त्याच्या खाली सही-तारीख केल्याशिवाय चढवायचं नाही. पानावर ती सही दिसत नाही, पण दवाखान्याच्या फाइलमध्ये तो कागद असतो.

रेशनकार्डाच्या उत्तरात वेगळी अडचण आली. खरं उत्तर ‘नाही’ होतं आणि डॉक्टरांना ‘नाही’ने सुरुवात करायला जड जात होतं. त्यांचा मसुदा ‘शासनाच्या विविध योजनांबाबत’ असा सुरू व्हायचा. पण जो माणूस कार्ड घेऊन रिक्षाने तीनशे रुपये घालून येणार आहे त्याला ‘नाही’ घरी बसल्या कळणं हीच सोय. म्हणून: ‘नाही. महात्मा जोतिराव फुले योजना फक्त योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांतच चालते, आमचा दवाखाना त्यात नाही. जवळचं रुग्णालय कोणतं ते १५५३८८ या योजनेच्या नंबरवर कळेल.’

फीच्या उत्तरावर दोन दिवस गेले. कोकणात पैशाचं तोंडावर बोलत नाहीत म्हणतात, पण वहीत ‘तपासायचे किती घेता?’ भरपूर वेळा होतं, बहुतेक पुढे ‘फ’. फोनवर लाज कमी वाटत असावी. तपासणी फीचा आकडा आणि किती दिवसांत परत आलं तर पुन्हा फी नाही, एवढं आम्ही लिहिलं. लॅबच्या सगळ्या दरांची यादी मात्र पानावर घातली नाही, कारण ती बदलली की पान खोटं ठरतं आणि काउंटरवर भांडण होतं.

जे पानावर येत नाही

‘डॉक्टर बसलेत काय?’ हा वहीतला सगळ्यात मोठा ढीग. आणि त्याचं उत्तर प्रश्नोत्तरांत लिहिता येत नाही, कारण ते रोज, कधी तासातासाला बदलतं. इथे बरेच जण ‘सोमवार ते शनिवार’ लिहून मोकळे होतात आणि मग सर रत्नागिरीला गेलेले असताना माणूस फेरीबोटीने खाडी ओलांडून येतो. आम्ही प्रश्न ठेवला, पण उत्तरात आठवड्याचं वेळापत्रक आणि आजचा बदल कुठे बघायचा ते दिलं: ‘सर सोमवार ते शनिवार सकाळी ९ ते १, मॅडम संध्याकाळी ५ ते ८. आजचा बदल दवाखान्याच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला सकाळी ८ वाजता टाकतो.’ मग स्टेटस टाकायचं काम लॅबवाल्या मुलाच्या नावावर लिहून घेतलं. एक मेख नंतर कळली: आपला नंबर समोरच्याकडे आणि त्याचा आपल्याकडे सेव्ह नसेल तर स्टेटस दिसत नाही. म्हणून नवीन पेशंटचा केसपेपर करतानाच ताई त्याचा नंबर सेव्ह करतात आणि दवाखान्याचा त्याला सेव्ह करायला लावतात.

बाहेरून येणारे तज्ज्ञ हा त्याच जातीचा प्रश्न. ‘हाडांचे डॉक्टर कधी येतात?’ याला ‘दुसरा व चौथा शनिवार, निघण्याआधी फोन करा’ एवढंच लिहायचं. तारीख लिहाल तर पुढच्या महिन्यात ती शिळी होईल.

‘ताप आलाय, लेप्टो असेल काय?’ पावसाळ्यात हा प्रश्न येतोच, भातलावणीच्या चिखलात उभं राहिल्यावर भीती खरीच असते. पण पानाने निदान करायचं नाही. ‘ताप आणि पोटऱ्या दुखणं असेल, चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात काम झालं असेल, तर त्याच दिवशी या आणि ते डॉक्टरांना सांगा’ इथवर लिहायचं. कुठली गोळी, ते नाही.

आणि आता जनावर चावल्याचा प्रश्न. तो आम्ही प्रश्नोत्तरांतून बाहेर काढला. हातापायाला फुरसं चावलेल्या माणसाच्या मुलाने चौदा प्रश्न चाळत बसायचं का? पानाच्या सगळ्यात वर, वेळेच्याही आधी, लाल चौकटीत तीन गोष्टी गेल्या. साप चावला तर: ‘आमच्याकडे सापाचं इंजेक्शन नाही. इथे येऊ नका, १०८ ला फोन करा किंवा थेट तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जा. चावलेला भाग हलवू नका, कापू नका, घट्ट बांधू नका.’ कुत्रं चावलं तर: ‘जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करा.’ तिसरी ओळ छातीत दुखण्याची. आपल्याकडे नसलेली गोष्ट पानाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात सांगायला डॉक्टर लगेच तयार झाले, मला वाटलं होतं त्यापेक्षा सहज.

पान चढवताना

चौदा प्रश्न असतील तर उत्तरं दडवून ठेवू नका. प्रश्नावर टिचकी मारल्यावर उत्तर उघडतं ती पद्धत दिसायला छान असते, पण नेट जेमतेम असलेल्या वाडीत अर्धवट उघडलेल्या पानावर टिचकी चालतच नाही, आणि वयस्कर माणसाला ते उघडायचं असतं हेच कळत नाही. सरळ प्रश्न ठळक, खाली उत्तर. वहीत ज्याच्या चिठ्ठ्या जास्त तो वर.

एक गोष्ट मात्र जरूर करा: प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा पत्ता द्या. म्हणजे ताईंना व्हॉट्सअॅपवर सगळं पान न पाठवता नेमका तेवढाच प्रश्न पाठवता येतो. पान बनवणाऱ्याला हे दाखवा:

```html
<p>साप चावला? <a href="tel:108">१०८ ला फोन लावा</a></p>

<h3 id="upashi">साखर तपासायला उपाशी यायचं का?</h3>
<p>हो, उपाशीपोटीच्या साखरेसाठी यायचं...</p>
```

आता पानाच्या पत्त्यापुढे `#upashi` लावून पाठवलं की समोरच्याच्या मोबाइलवर थेट तोच प्रश्न उघडतो. पहिल्या ओळीतल्या `tel:108` मुळे बोट लावताच १०८ नंबर फोनवर तयार येतो, फक्त कॉलचं बटण दाबायचं, आकडे पुन्हा दाबावे लागत नाहीत. हीच उत्तरं व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये ‘क्विक रिप्लाय’ म्हणून साठवली, की ताई `/` टाइप करून निवडतात आणि तेच शब्द जातात. फोनवर एक, पानावर दुसरं आणि व्हॉट्सअॅपवर तिसरं असं व्हायला नको.

वेबसाइट बनवणारे कधीकधी म्हणतील की प्रश्न जास्त टाका, गूगलवर प्रश्नोत्तरं थेट दिसतात. गूगलने ऑगस्ट २०२३ मध्ये ती सोय फक्त मोठ्या, नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइट्सपुरती ठेवली. गावच्या दवाखान्याने त्यासाठी प्रश्न वाढवू नयेत.

चढवण्याआधी मसुदा छापून काउंटरला चिकटवा आणि चार दिवस ताईंना फक्त त्यावरून उत्तरं द्यायला सांगा. ज्या उत्तरानंतर समोरचा पुन्हा काही विचारतो, तो पुन्हा विचारलेला प्रश्न पेन्सिलीने शेजारी लिहायचा. आमच्याकडे ‘रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी ५ नंतर’ या उत्तराच्या शेजारी चारदा एकच ओळ आली: ‘व्हॉट्सअॅपवर पाठवाल काय?’ ती उत्तरात घातली तेव्हा ते बसलं. एका उत्तराचा उलटा प्रकार झाला. ‘जुना केसपेपर हरवला तर?’ याला आम्ही सहा ओळी लिहिल्या होत्या आणि ताई प्रत्येक वेळी नुसतं म्हणत, ‘फोन नंबर सांगा, इथे सापडतो.’ सहा ओळी खोडल्या, ताईंचं वाक्य ठेवलं.

शाळेचं

शाळेला हीच वही चालते, पण ती मार्च ते जून ठेवावी, तेव्हाच प्रश्न येतात. पालक ‘शाळा सोडल्याचे प्रमाणपत्र’ म्हणत नाहीत, ‘दाखला’ म्हणतात. उत्तरात किती दिवस लागतात आणि कोणाची सही लागते ते हवं. ‘डॉक्टर बसलेत काय?’ याचं शाळेतलं भावंड म्हणजे ‘आज शाळा आहे काय?’ जोरदार पावसाच्या दिवशी सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात, शाळा नाही. म्हणून ‘सुट्टीचा निर्णय आला की वर्गाच्या ग्रुपवर लगेच टाकतो, काही आलं नसेल तर शाळा आहे’ असं एकच वाक्य लिहा, आणि ते ‘लगेच’ कोण पाळणार ते शिक्षकांत ठरवा. गाडीचालकाचा नंबर पानावर टाकू नका, तो पालकांच्या ग्रुपवर.

नंतरची वही

पानाच्या तळाशी ‘शेवटची तपासणी’ म्हणून तारीख हवी, आणि ती तपासणी खरंच व्हायला हवी. आम्ही वर्षातले तीन दिवस ठरवले: मेअखेर, म्हणजे पावसाचे आजार सुरू होण्याआधी, गणपतीच्या पंधरा दिवस आधी, आणि शिमग्याच्या आधी. सणाला गाव माणसांनी भरतं, दवाखान्याच्या वेळा बदलतात, आणि पान वाचणारे निम्मे बाहेरून आलेले असतात. वही मात्र काउंटरवरून हलवली नाही. महिन्यातून एक दिवस, बाजाराचा, ताई तिच्यात पुन्हा ओळी लिहितात. पानावर असलेला प्रश्न वहीत वारंवार दिसला तर एकतर शब्द चुकलाय किंवा तो फार खाली आहे. परवाच्या वहीत ‘फोटो मोबाइलवर मिळेल काय?’ असं तीनदा आलंय. एक्स-रेची फिल्म घेऊन मुंबईला जायचा कंटाळा. डॉक्टर म्हणतात देता येईल, मशीनवाल्याला विचारतो. तो हो म्हणाला की पंधरावा प्रश्न चढेल, आणि त्याच्यासाठी खालचा ‘सलाईन लावून लगेच सोडता का?’ काढायचा आहे, तो गेल्या तीन महिन्यांत कुणीच विचारलेला नाही.